गळ्यावर बसणारे कापड : टोपी आणि शाल-कॉलर

पांडेसऱ्यात थंडी अशी पडतच नाही. डिसेंबरातही दुपारी गिरण्यांच्या भिंती तापलेल्या असतात आणि स्वेटर पेटीतच राहतो. परंतु उधन्याहून रात्रीची गाडी धरून नंदुरबार, धुळे किंवा जळगावकडे जायचे म्हटले की गरम कपड्यांची आठवण होते. खानदेशातील पहाटेचा गारवा आपल्या मुलांना सोसत नाही, आणि मुलांना तर आता टोपी जोडलेलेच जाकीट हवे असते. मोठ्या मुलींना व त्यांच्या आयांना त्याऐवजी शाल-कॉलरचे जाकीट आवडते. आपल्या वस्तीत शिलाईयंत्र नाही असे घर विरळा. कापडही गिरणीच्या दारात तागाने मिळते. म्हणून ही दोन्ही कामे घरी करून पाहण्याची हौस अनेक भगिनींना असते, आणि दोन्ही कामांत त्यांची एकाच जागी अडचण होते. अंगाचा भाग नीट बसतो, बाही बसते. पण टोपी गळा ओढते आणि कॉलर मानेपासून दूर उभी राहते. याच एका प्रश्नाकडे या महिन्यात आपण पाहणार आहोत.

टोपी आपल्याला नवीन नाही. आपल्या घरांतील तान्ह्या मुलांची कुंची म्हणजे टोपीच होय. कापडाचा एक लांबट चौकोन दुमडायचा, मागची एक बाजू शिवून टाकायची, हनुवटीखाली बंद लावायचे आणि उरलेले कापड पाठीवर मोकळे सोडायचे, असे तिचे साधे शास्त्र आहे. कुंचीला बेत लागत नाही, कारण ती कोणत्याही गळ्याला शिवलेली नसते. बाळाने मान कशीही वळवली तरी पाठीवरचे कापड तिच्याबरोबर सरकते. हाच चौकोन जाकिटाच्या गळ्याला शिवला की मात्र सगळे बदलते. आता कापडाला सरकायला जागा नसते. डोके हलले की ओढ थेट गळ्याच्या शिवणीवर येते, आणि शिवणीमागून सबंध जाकीटच ओढले जाते. शाल-कॉलरचेही असेच आहे. तीही गळ्यावर शिवली जाते, पण तिची बाहेरची कड खांद्यावर व पाठीवर टेकायची असते. तेव्हा दोहोंचा हिशेब दोन रेषांचा आहे. एक रेष गळ्याच्या शिवणीची. दुसरी, जिथे ते कापड प्रत्यक्ष जाऊन टेकते तिची. टोपीत ती डोक्यावरून जाते आणि कॉलरमध्ये खांद्यावरून. पहिली रेष सगळेच मोजतात. दुसरी मोजायची राहून जाते.

उदाहरणासाठी आपण चौदा वर्षांची एक मुलगी घेऊ. तिची छाती ३२ इंच आहे. छातीच्या बाराव्या भागावरून गळ्याची रुंदी काढण्याची जी रीत आपले शिंपी पाळतात, तिने गळ्याची अर्धी रुंदी सुमारे पावणेतीन इंच येते. मागच्या गळ्याची खोली पाऊण इंच ठेवली. पुढच्या गळ्याची खोली ३ इंच ठेवली. आता टेप आडवा न धरता उभ्या कडेवर धरून गोलाईवरून फिरवावा, म्हणजे मागचा अर्धा गळा ३ इंच आणि पुढचा अर्धा गळा साडेचार इंच भरतो. दोन्ही मिळून अर्ध्या गळ्याची शिवण साडेसात इंच झाली. ही मापे शिवणीच्या रेषेवरची आहेत. शिलाईसाठी सोडायचे अर्धा इंच कापड त्यात धरलेले नाही. ते नेहमी शेवटी, सगळा बेत पुरा झाल्यावरच द्यावे. आधीच दिले की गळ्याची गोलाई कापडाच्या कडेवर मोजली जाते आणि प्रत्येक बाजूस चूक शिरते.

प्रथम टोपी. तिला दोनच मापे नव्याने घ्यावी लागतात. गळ्याच्या खळगीपासून टेप गालावरून वर न्यावा, टाळूवरून फिरवून दुसऱ्या गालावरून परत खळगीशी आणावा. आपल्या मुलीचे हे माप २६ इंच भरले. डोके हलण्यासाठी त्यात २ इंच मिळवले. २८ झाले, त्याचे निम्मे १४. ही झाली टोपीच्या तोंडाकडील कडेची उंची. दुसरे माप एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून डोक्याच्या मागून दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत घ्यावे. ते १७ इंच आले. निम्मे साडेआठ, आणि सैलपणासाठी १ इंच धरून रुंदी साडेनऊ झाली.

आता कागदावर एक आडवी पायारेघ ओढावी. तिच्यावर साडेनऊ इंच रुंद व १२ इंच उंच असा चौकोन काढावा. उजवी बाजू तोंडाची आणि डावी बाजू डोक्याच्या मागची समजावी. तोंडाची बाजू पायारेघेच्या खाली आणखी २ इंच वाढवावी. तेथे तिची लांबी आपल्या मापाप्रमाणे १४ इंच होते. हे दोन इंच फार महत्त्वाचे आहेत, कारण माणसाचा गळा सपाट नसतो. मानेमागचे हाड वर असते आणि पुढची खळगी बरीच खाली. टोपीची खालची कड कुंचीसारखी सरळ ठेवली, तर ती पुढे कमी पडते आणि मागे मानेशी चुण्या पडतात. पुढची उणीव भरून काढण्यासाठी जाकिटाचा गळा वर चढतो आणि मूल गळ्यात बोट घालून ते सारखे खाली ओढीत राहते.

मागच्या बाजूस पायारेघेवर डाव्या कोपऱ्यापासून दीड इंच आत खूण करावी. ही मानेची खूण होय. डोके मागे फुगीर असते आणि मान आत असते. म्हणून मागची शिवण वरून सरळ येऊन खाली हलकेच आत वळते. वरच्या डाव्या कोपऱ्यास दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंचांवर खुणा करून गोलाई द्यावी. ती न दिल्यास कुंचीसारखे टोक निघेल. बाळाच्या डोक्यावर ते गोजिरे दिसते, शाळकरी मुलगी ते खपवून घेत नाही.

आता मानेच्या खुणेपासून तोंडाच्या खालच्या टोकापर्यंत गळ्याची कड काढावयाची. आडवे अंतर ८ इंच आणि उतार २ इंच. ही कड सरळ रेषेने काढू नये. मानेपाशी ती थोडी आडवी चालावी, मध्ये उतरावी आणि पुढच्या टोकाशी पुन्हा आडवी होऊन तोंडाच्या कडेला काटकोनात मिळावी. दोन्ही टोकांशी काटकोन राहिला म्हणजे टोपीच्या दोन बाजू जोडल्यावर मानेशी कोपरा निघत नाही आणि गळ्याशी चोच निघत नाही. टेप उभा धरून ही कड मोजली की सुमारे सव्वाआठ इंच भरते. गळा तर साडेसात इंच आहे. जास्तीचे पाऊण इंच खांद्याच्या शिवणीपाशी एका टक्समध्ये घ्यावे. मानेच्या खुणेपासून ३ इंचांवर टक्सची पहिली बाजू येईल. नंतर पाऊण इंच टक्स, आणि त्यापुढे साडेचार इंच पुढच्या गळ्यासाठी. टक्सची उंची अडीच इंच पुरे. या टक्समुळेच टोपीला कानाजवळ फुगवटा मिळतो. काही जण ते जादा कापड गळ्याशी बारीक चुण्या घालून जिरवतात. पातळ कापडात ते चालते. जाड कापडात शिवण जाड होऊन खांद्यावर टोचते.

टोपी कापण्यापूर्वी कागदाचीच एक परीक्षा घ्यावी. टोपीच्या गळ्याची कड जाकिटाच्या गळ्यावर टोकाला टोक लावून ठेवावी आणि गोलाईबरोबर कागद थोडाथोडा फिरवीत पुढे न्यावा. खांद्याच्या शिवणीशी टक्स येतो की नाही हे येथेच कळते. तो पुढे किंवा मागे अर्धा इंच जरी सरकला, तरी टोपीचा फुगवटा कानावर न येता गालावर किंवा मानेवर येतो.

कागदावर जमले तरी अंगावर पाहिल्यावाचून कातर चालवू नये. जुन्या चादरीची टोपी बेतून, कच्च्या टाक्यांनी गळ्याला जोडून मुलीला घालावी आणि चार गोष्टी करायला सांगाव्यात. तिने सरळ उभे राहावे. टोपीची तोंडाकडील कड कपाळापासून गळ्यापर्यंत सुरकुती न पडता उतरली पाहिजे. मग हनुवटी छातीला टेकवावी. जाकिटाची पाठ वर उचलली गेली, किंवा टोपी कपाळावरून मागे घसरली, तर टोपी टाळूपासून मानेपर्यंत तोकडी आहे. वरच्या रेषेत अर्धा इंच वाढवावा, गळ्याच्या कडेस हात लावू नये. मग मान उजवीकडे व डावीकडे वळवावी. डोळा कापडाआड जात असेल तर तोंडाची कड पुढे फार आली आहे. ती कानाच्या पातळीवर थोडी खरवडून घ्यावी. शेवटी टोपी मागे टाकून दोन-चार पावले चालावे.

ही शेवटची परीक्षा सर्वांत कठीण होय, आणि ती घेण्याचे राहून जाते. डोक्यावरून उतरलेल्या टोपीचे सारे वजन मागच्या गळ्यावर लोंबते. आपल्या उदाहरणातील मुलीने टोपी मागे टाकली तेव्हा खांद्याची शिवण अर्धा इंच मागे सरकली आणि पुढचा गळा खळगीवर दाबू लागला. खांद्याची शिवण हीच यातील साक्षीदार आहे; मुलगी ‘बरे आहे’ म्हणाली तरी शिवणीची जागा पाहावी. यावर उपाय म्हणून पुढचा गळा अर्धा इंच खोल केला, म्हणजे खोली साडेतीन इंच झाली. पण गळा खोल होताच त्याची गोलाई वाढते. पुढचा अर्धा गळा साडेचार इंचांऐवजी आता ४ इंच सात सूत भरू लागला, म्हणजे तीन सूत अधिक. टोपीचा कागद नव्याने काढण्याचे मात्र कारण पडले नाही. टक्स पाऊण इंचाचा होता, म्हणजे सहा सूत. तो तीन सूत केला की हिशेब जुळला. मागचे ३ इंच, टक्सचे तीन सूत, पुढचे ४ इंच सात सूत : एकूण पुन्हा सव्वाआठ.

एवढे करूनही एक मर्यादा राहतेच. जाकिटाची चेन उघडी असेल तर जड टोपी ते मागे ओढणारच. बेताने ते पुरते थांबत नाही. म्हणून टोपीला जाड अस्तर घालू नये, आणि मागच्या गळ्याच्या शिवणीवर आतून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरळ धाग्याची पट्टी टिपून घ्यावी. टोपीचे वजन मग ताणल्या जाणाऱ्या गोलाईवर न पडता पट्टीवर पडते.

टोपीच्या नाडीविषयी थोडे खडसावून सांगावे लागते. बाजारातील नमुना पाहून मुलांच्या टोपीत नाडी ओवण्याचा मोह होतो. ती ओवू नये. घसरगुंडीच्या फटीत अशी नाडी अडकून मुलांचा गळा आवळल्याच्या घटना परदेशात इतक्या घडल्या की अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या कपड्यांच्या टोपीत व गळ्यात नाडी नसावी अशी मार्गदर्शक सूचना काढली, आणि २०११ साली अशा कपड्यांना नियमानेच धोक्याची वस्तू ठरविले. आपल्या मुलांच्या वाट्याला झोपाळे आहेत, सायकली आहेत आणि रेल्वेचे दरवाजेही आहेत. टोपी डोक्यावर राहण्यासाठी तोंडाच्या कडेत मागच्या बाजूस थोडे इलॅस्टिक, किंवा हनुवटीखाली ओढताच सुटेल असे एक टिचबटण पुरते.

आता शाल-कॉलर. एकोणिसाव्या शतकातील विलायती स्मोकिंग जाकिटावरून ती पुढे सर्वत्र गेली. कोटाच्या कॉलरला छातीवर जी खाच असते ती हिला नसते. कॉलर आणि छातीवर उलटणारा भाग हा एकच सलग तुकडा असतो, आणि तोही जाकिटाच्या पुढ्यातूनच वर वाढवून बेतलेला असतो. शिवण फक्त पाठीच्या मध्यावर आणि मागच्या गळ्यावर येते. शिवणी कमी म्हणून ही कॉलर सोपी वाटते. परंतु शिवणी कमी म्हणजे चूक सुधारण्याच्या जागाही कमी.

पुढ्याचा कागद घ्यावा. मध्यरेषेच्या बाहेर बटणपट्टीसाठी १ इंच वाढवावा. खांदा जेथे गळ्याला मिळतो त्या बिंदूस आपण ‘क’ म्हणू. ‘क’च्या पातळीपासून ९ इंच खाली, बटणपट्टीच्या कडेवर ‘ख’ ही खूण करावी. कॉलर येथून उलटायला लागते आणि पहिले बटण येथेच येते. खांद्याची रेष ‘क’पासून गळ्याच्या बाजूस १ इंच वाढवावी आणि त्या टोकापासून ‘ख’पर्यंत सरळ रेष ओढून ती वरही वाढवावी. ही वळणरेघ. या रेघेवर कॉलर दुमडते.

पुढचा टप्पा मागच्या गळ्याचा. ‘क’पासून वळणरेघेला समांतर अशी ३ इंच लांब रेष वर काढावी, कारण मागचा अर्धा गळा ३ इंच आहे. या रेषेच्या टोकाला काटकोन करून पुढच्या बाजूस सव्वातीन इंच कॉलर द्यावी : सव्वा इंच मानेवर उभा राहणारा भाग आणि २ इंच उलटून खाली पडणारा भाग. पुष्कळ जण येथे थांबतात, आणि येथेच कॉलर बिघडते.

का बिघडते हे पाहू. पडणारा भाग २ इंचांचा, उभा भाग सव्वा इंचाचा. तेव्हा कॉलरची बाहेरची कड मागच्या गळ्याच्या शिवणीच्या पाऊण इंच खाली, पाठीवर येऊन टेकणार. पाठीच्या कागदावर मागच्या गळ्याच्या पाऊण इंच बाहेरून एक समांतर गोलाई काढावी आणि पाठीच्या मध्यापासून खांद्याच्या शिवणीपर्यंत ती मोजावी. गळ्याची शिवण ३ इंच आहे. ही बाहेरची गोलाई ३ इंच सात सूत भरते. आपण काढलेल्या कॉलरची बाहेरची कड मात्र या भागात गळ्याइतकीच, म्हणजे ३ इंच आहे. सात सूत कापड कमी आहे. कमी पडलेली कड पाठीवर उतरूच शकत नाही. ती वर चढते आणि तिच्याखालून गळ्याची शिवण दिसू लागते.

हे सात सूत मिळवण्यासाठी समांतर काढलेली ती ३ इंचांची रेष ‘क’ या बिंदूवर स्थिर ठेवून तिचे वरचे टोक खांद्याच्या बाजूस सात सूत कलते करावे. गळ्याची शिवण ३ इंचच राहते, पण कॉलर पंख्यासारखी उघडते आणि बाहेरची कड तितकी लांब होते. मग कलत्या रेषेच्या टोकाशी काटकोन करून सव्वातीन इंच द्यावे, आणि तेथून बाहेरची कड छातीवर थोडी फुगवून ‘ख’शी आणून मिळवावी. पाठीच्या मध्याशी ही कड निदान १ इंच सरळ आडवी चालावी. नाहीतर दोन्ही बाजू जोडल्यावर मध्यावर खाच पडते.

कलण्याचे माप कोणत्याही पुस्तकातून पाठ करू नये. के. आर. झारापकर यांच्या कटिंगच्या पुस्तकावर मराठी शिंप्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, आणि अशी पुस्तके हाताशी असणे चांगलेच; पण पुस्तकातील आकडा पुस्तकातील कॉलरचा असतो. कॉलर रुंद केली, उभा भाग कमी केला, की पाठीवर टेकण्याची रेष बाहेर सरकते आणि कल वाढतो. पाठीच्या कागदावर ती रेष काढून मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते प्रत्येक नव्या रुंदीला नव्याने करावे.

फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून आमच्या शाळेच्या शिवणवर्गात आम्ही एकाच पुढ्यावर तीन कॉलरी बेतून पाहिल्या : पहिली कल न देता, दुसरी सात सूत कलाची आणि तिसरी दीड इंच कलाची. पहिली मानेला घट्ट धरून वर चढली. मागे शिवण उघडी पडली, आणि बाहेरच्या कडेच्या ताणामुळे खांद्यापासून मानेकडे तिरप्या सुरकुत्या आल्या. तिसरीची कड खांद्यावर लाटांसारखी उठली. तिचा उभा भाग उभाच राहीना, आणि कॉलर मानेपासून सुटून बाजूला पसरली. दुसरी मात्र शिवण झाकून शांत बसली. पुढे वर्गात कुणाचीही कॉलर आली की मुली आधी मागे जाऊन शिवण पाहतात आणि मग कडेवरून बोट फिरवतात. कड ताणलेली असेल तर कल कमी, कड लाटांची असेल तर कल जास्त.

ताण किती आहे हे मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. चादरीच्या नमुन्यावर, खांद्याच्या शिवणीसमोर, कॉलरच्या बाहेरच्या कडेपासून गळ्याकडे सरळ कातर द्यावी. मात्र गळ्याच्या शिवणीपूर्वी दोन सूत थांबावे. कड तोकडी असेल तर चीर आपोआप उघडते. उघडलेले अंतर टेपाने मोजावे. ते दोन सूत भरले, तर कागदावरही त्याच जागी कातर देऊन तितकीच फट उघडावी आणि खाली कागद चिकटवावा. चीर न उघडता तिच्या कडा एकमेकींवर चढल्या, तर चढतात तितके कापड काढून टाकावे. अंदाजाने इकडेतिकडे खरवडण्यापेक्षा हे फार बरे.

येथे आपल्या सुरतेच्या कापडाचा स्वभाव सांगणे आवश्यक आहे. लोकरीच्या कापडावर काम करणारा कोटाचा कारागीर बेतातील थोडी उणीव इस्त्रीने भरून काढतो. ओल्या फडक्यावरून वाफ देऊन तो वळणरेघ आकसवतो आणि बाहेरची कड ताणून लांबवतो. लोकर ते मानते. आपल्या गिरण्यांतून निघणारे पॉलिएस्टर ते मानत नाही. त्याला ताणून लांबवता येत नाही, आकसवता येत नाही, आणि इस्त्री जास्त तापली तर त्यावर चकाकी येते किंवा ते वितळते. तेव्हा लोकरीवर अर्ध्या कामाचा जो बेत चालतो, तो पॉलिएस्टरवर पुरता अचूक असावा लागतो. वळणरेघ छातीवर उघडी पडत असेल तर इस्त्रीवर विसंबू नये. आतून वळणरेघेच्या लगत एक अरुंद सुती पट्टी, रेघेपेक्षा दोन सूत आखूड घेऊन, हलक्या हाताने टिपावी. कापड तिच्यावर थोडे जमते आणि कॉलर छातीला धरून राहते. छापील कापड घेतल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉलर पुढ्याबरोबर सलग असल्यामुळे मागे मध्यावर कापडाचा धागा तिरपा येतो, आणि पट्ट्या किंवा वेलबुट्टी तेथे कोन करून मिळते. बारीक, विखुरलेली छपाई घेतली की हा कोन दिसत नाही.

शिवताना सर्वांत नाजूक जागा ‘क’ हीच. तेथे खांद्याची शिवण संपते आणि गळ्याची सुरू होते, आणि पुढ्याचे कापड आतल्या कोनात वळते. प्रथम कॉलरच्या दोन बाजू पाठीच्या मध्यावर जोडाव्यात. मग खांद्याची टीप बाहेरून आत आणून बरोबर ‘क’वर थांबवावी, कापडाच्या कडेपर्यंत नेऊ नये. पुढ्याच्या कोनात ‘क’च्या अगदी टाक्यापर्यंत तिरपी चीर द्यावी, कापड फिरवावे आणि मागचा गळा टिपावा. टीप एक टाका पुढे गेली तर खांद्यावर चुणी धरते. चीर एक सूत कमी पडली तरी तेच होते. पॉलिएस्टरचे धागे सुटतात, म्हणून चीर देण्याआधीच त्या कोनावर आतून सव्वा इंचाचा पातळ कापडाचा चौकोन टिपून ठेवावा. आतली पट्टी, जी उलटल्यावर वर दिसते, ती बाहेरच्या कडेस एक सूत मोठी कापावी; म्हणजे कडेची शिवण खाली वळते आणि वरून दिसत नाही.

टोपी आणि शाल-कॉलर यांना एकच गळा चालेल काय, असे विचारले जाते. टोपीसाठी आपण पुढचा गळा साडेतीन इंच खोल केला. शाल-कॉलरला पुढ्यात गळ्याची गोलाईच नाही, तिचा पुढचा गळा वळणरेघ ठरवते. मागचा गळा मात्र दोहोंना तोच चालतो. म्हणून पाठीचा कागद एकच ठेवावा आणि पुढ्याचे कागद दोन करावेत, त्यांवर ‘टोपी’ व ‘शाल’ असे लिहून तारीख घालावी. मुलगी पुढल्या वर्षी वाढेल, तेव्हा दोन्ही कागदांवर प्रथम मागचा गळा नव्याने मोजावा लागेल. टोपीचा टक्स आणि कॉलरचा कल ही मापे त्याच्यामागून येतात.

पुढील अंकी याच जाकिटाच्या बाहीकडे, विशेषतः मुंढ्याशी बाही कोठे घट्ट होते याकडे पाहू.